महापेच्या साइटवर डक्टच्या हवेचं पहिलं बॅलन्सिंग? एवढं सांभाळ

आधी हवा कमी-जास्त करणारे सगळे डॅम्पर पूर्ण उघड, फिल्टर स्वच्छ आहे का बघ. हवेचा वेग काढायच्या पिटो ट्यूबचं तोंड वारा जिकडून येतो तिकडे सरळ हवं. डक्टच्या वळणाला, एल्बोला खेटून ट्रॅव्हर्स, म्हणजे डक्टभर ओळीने रीडिंग, घेऊ नकोस.

नवे लोक हमखास चुकतात ते सरासरीत. पिटोवर दिसणाऱ्या प्रेशरची नाही, त्यातून निघणाऱ्या वेगाची सरासरी काढायची. ९ आणि ३६ पास्कलचे वेग ३.८७ आणि ७.७५ मीटर प्रति सेकंद, सरासरी ५.८. प्रेशरची सरासरी २२.५ धरलीस तर ६.१ येतो. डिझाइनपेक्षा ±१० टक्के फरकाची निम्मी सूट कागदावरच संपली!

मग डिझाइनच्या तुलनेत सर्वांत कमी टक्केवारीचा आउटलेट शोध. त्याचा डॅम्पर उघडाच ठेवून बाकीचे त्याच टक्केवारीवर आण. एक दाबला की शेजारचे वाढतात, म्हणून पुन्हा मोज. फॅनचा वेग शेवटी.