वॉलेट फ्रीज झालं की सपोर्टला काय लिहायचं?

"माझं छोटं दुकान आहे. वॉलेट अचानक फ्रीज झालंय. सपोर्टवाले नुसतं थांबा म्हणतात. त्यांना मेसेज कसा लिहू?"

माझंही वॉलेट असंच फ्रीज झालं होतं, तेव्हा माझा पहिला मेसेज दीड पानाचा होता. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात रस्त्याकडेला किराणा दुकान, २३,४०० रुपये अडकलेत, रविवार पेठेतला ठोक व्यापारी शनिवारी वसुलीला येणार, सगळं लिहिलं. उत्तर आलं, तपासणी चालू आहे. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर.

मग कळलं, पैसे बहुतेक वेळा दोन कारणांनी अडकतात: केवायसी, नाहीतर पोलिसांची सूचना. आपण विचारल्याशिवाय कुठलं ते कुणी सांगत नाही. म्हणून एवढंच लिहिलं:

"नोंदणीचा मोबाइल अमुक, मर्चंट आयडी अमुक. १४ तारखेपासून पैसे निघत नाहीत. फ्रीज केवायसीमुळे की पोलिसांच्या सांगण्यावरून? पोलिसांचं असेल तर तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं, व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि वादातली रक्कम कळवा. तेवढीच रक्कम रोखा, बाकीची मोकळी करा. या मेसेजचा तिकीट नंबर द्या."

दोन दिवसांत उत्तर आलं. परराज्यातल्या सायबर ठाण्याची तक्रार, रक्कम १,८५०. बारा आकडी यूटीआर फोनमध्ये शोधला तर आठवलं, एक गाडीवाला तांदळाचं पोतं आणि गूळ घेऊन गेला होता. त्याने दिलेले पैसे कुणाला तरी फसवून आणलेले. पोलीस पैशाचा माग काढत खात्याखात्यांतून येतात, त्यात आपल्यासारखा दुकानदारही सापडतो.

मला वाचवलं ते बिलबुकाने. माझा धाकटा भाऊ दहा वर्षं म्हणतोय, किराणा दुकानात बिल कोण फाडतं, कागद वाया. त्या दिवशीची कार्बनची गुलाबी प्रत होती, तारीख, माल, १,८५० सगळं स्पष्ट. तिचा फोटो, यूटीआरचा स्क्रीनशॉट आणि दुकानाचं लायसन्स त्या ठाण्याच्या ईमेलवर पाठवलं. लायसन्स कन्नडमध्ये, तिकडे कोण वाचणार, म्हणून खाली नाव-पत्ता इंग्रजीत लिहिला. बाराव्या दिवशी २१,५५० सुटले. १,८५० मात्र ठाण्याचं पत्र येईपर्यंत अडकूनच राहिले. भावाने तरी पुढच्या महिन्यात बिलबुक आणलं नाही. तुम्ही आजच आणा, पाचशेच्या वरचं प्रत्येक बिल फाडा.

एक राहिलं. पोलिसांनी रोखलेले पैसे कंपनी स्वतःहून सोडू शकत नाही, तेव्हा सपोर्टच्या पोराशी भांडू नका, ठाण्याशी पत्रव्यवहार करा. केवायसीचं असेल तर आधार-पॅनवरचं नाव जुळतंय का तेवढं बघा, बाकी माझा अनुभव तिथे कामाचा नाही. तीस दिवसांत कंपनीने उत्तरच दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. तेव्हा कंपनीकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून तो तिकीट नंबर जपून ठेवा.