बगच्या स्क्रीनशॉटला नाव काय द्यावं?

प्रश्न: दारव्ह्यात आमचं लहान ऑफिस आहे, चार टेस्टर. बगचे स्क्रीनशॉट नंतर सापडतच नाहीत. नाव कसं द्यावं, कुठे ठेवावे?

उत्तर: आधी बग नोंदवून त्याचा नंबर घ्या आणि फाइलचं नाव त्या नंबरापासूनच सुरू करा:

```
BUG-412_2025-01-14_kapus-nondani_v2.3_01.png
```

वर्ष आधी लिहिलं की एकाच बगच्या फाइली तारखेच्या क्रमाने लागतात. फाइल थेट बगलाच जोडा. ड्राइव्हची लिंक दिली तर पाहणाऱ्याला बरेचदा परवानगीच नसते. फोनवरून व्हॉट्सअॅपने पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो, मूळ नाव जातं आणि एररची बारीक अक्षरं पुसट होतात. शेतकऱ्याचा आधार क्रमांक दिसत असेल तर जोडण्याआधी पूर्ण काळ्या पट्टीने झाका. मात्र चूक क्षणभरच दिसून जात असेल, तर स्क्रीनशॉट पुरत नाही. दहा-पंधरा सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग त्याच नावाने जोडा.