शिवजयंतीची तारीख आणि माझी वही

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. वर्गातली तीन मुलं दिवाळीपासून त्याला त्रास देतायत. डबा सांडणं, घाणेरड्या नावाने हाका, जिन्यावर ढकलणं. बाईंना दोनदा सांगितलं, "बघते" म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी मुख्याध्यापिकांची वेळ मिळाली आहे. हातात पुरावा म्हणून काही नाही. काय लिहून न्यावं?

ताई, "बघते" हा शब्द वाचला आणि माझ्या पोटात जुना गोळा आला. माझा लेक आता बारावीत आहे, आमचं हे प्रकरण २०१९चं, तो पाचवीत होता तेव्हाचं. मी वकील नाही, शिक्षिकाही नाही. एका आईने एकदा सपशेल चुकून आणि नंतर एकदा बरं करून जे शिकली तेवढंच सांगते.

शांतपणे बोला, मुलाला धीर द्या वगैरे तुम्हाला कळतंच, ते सोडून देते. थेट माझ्या चुकीवर येते.

भेटीच्या आदल्या रात्री मी नवीकोरी वही घेतली, लेकाला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं विचारत गेले. एका बैठकीत, एकाच निळ्या पेनाने चौदा प्रसंग लिहिले. प्रत्येकाला तारीख टाकली, कारण तारखेशिवाय कोण ऐकणार, असं मला वाटलं. त्यात एक प्रसंग होता फेट्याचा. लेक म्हणाला, "शिवजयंतीला त्यांनी माझा फेटा ओढून बाथरूममध्ये टाकला." मी लिहिलं: १९ फेब्रुवारी.

मुख्याध्यापिकांनी वही शांतपणे वाचली. त्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "१९ला शाळेला सुट्टी होती, मॅडम." होतीच. शाळेचा कार्यक्रम १८ला, सोमवारी झाला होता आणि लेक त्यालाच शिवजयंती म्हणत होता. त्याचं बरोबर होतं. कॅलेंडरवरची तारीख मी चिकटवली होती. पण त्या क्षणापासून उरलेले तेरा प्रसंगही आईच्या मनाचे खेळ ठरले. "रात्रीत लिहिलेलं दिसतंय," हेही त्या म्हणाल्या, आणि तेही खरंच होतं. मग परीक्षा आल्या, मग मे महिना. तोवर लेक रोज सकाळी पोट दुखतं म्हणत होता.

त्या बाईंचा मला तेव्हा भयंकर राग आला. आता वाटतं, त्यांच्या जागी मीही तेच बोट ठेवलं असतं.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. तुमच्याकडे दोन प्रकारची माहिती आहे, ती दोन वेगळ्या कागदांवर लिहा. दिवाळीपासून आजपर्यंतचं जे आठवून लिहिणार आहात, त्या कागदाच्या डोक्यावरच लिहा की हे अमुक तारखेला आठवून लिहिलं आहे. तिथे पक्की तारीख नसेल तर टाकू नका. "सहामाहीचे पेपर मिळाले त्या आठवड्यात", "स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या तेव्हा" असं मुलाला जसं आठवतं तसंच राहू द्या. मग शाळेची डायरी, कॅलेंडर, वर्गाच्या ग्रुपवरचे निरोप, मोबाइलमधले फोटो उलगडून जितक्या तारखा पक्क्या होतात तितक्याच करा. आमच्या कार्यक्रमाचा फोटो माझ्याच फोनमध्ये होता, त्यावर १८ तारीख होती. एकदा उघडून पाहिला असता तर पुढचे चार महिने वाचले असते.

दुसरा कागद आजपासूनचा. जे होईल ते त्याच संध्याकाळी लिहायचं, चार-पाच ओळींत. लिहून झालं की त्या पानाचा फोटो स्वतःलाच ईमेल करा. त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते, मग रात्रीत लिहिलं असं कुणी म्हणू शकत नाही. लेक सहावीत गेल्यावर, त्याच २०१९च्या जुलैत मी केलेली एक नोंद साधारण अशी होती:

"मंगळवार, ९ जुलै. मधल्या सुट्टीनंतर, खेळाच्या तासाला खाली उतरताना, मागच्या जिन्यावर. तो म्हणाला: 'दोघांनी माझी बॅग धरून ठेवली आणि तिसरा म्हणाला, जाड्या आधी नाच.' याने एकाला ढकललं. आजूबाजूला त्याच्याच वर्गातल्या दोन मुली होत्या. शिक्षक कोणी नव्हते. उजव्या कोपराला खरचटलं, फोटो काढला. संध्याकाळी ७ वाजता वर्गशिक्षिकांना मेसेज केला."

यात "छळ", "गुंडगिरी", "मानसिक खच्चीकरण" असा एकही शब्द नाही. पहिल्या वहीत माझा प्रत्येक प्रसंग त्या शब्दांनी भरलेला होता. मुलाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवा, शिवी असली तरी. आपल्याला वाटलेलं त्यात मिसळू नका. ते भेटीत तोंडाने सांगा की हवं तेवढं.

आणि "याने एकाला ढकललं" ही ओळ. ती लिहिताना हात अडखळतो, पण लिहाच. आपल्या मुलानेही कधी हात उगारला असेल, कंपासपेटी फेकली असेल, तर ते समोरचे आईबाप सांगणारच आहेत. ते तुमच्या कागदावर आधीपासून असलं तर बाकीच्यावर विश्वास बसतो. नसलं तर तुम्ही लपवलंत असं होतं.

मुलाला विचारायचं कसं, यावरही थोडं. मी रोज दारातच "आज काय केलं त्यांनी?" म्हणायचे. आठवड्याभरात लेक एक तर काहीच बोलेना किंवा मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू लागला. नंतर मी "आज मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसलास?" एवढंच विचारायचे आणि गप्प राहायचे. काही न घडलेल्या दिवशी "आज काही नाही" असं वहीत लिहायचे. त्या रिकाम्या दिवसांमुळेच बाकीचे दिवस खरे वाटतात.

आता जे मला फार उशिरा सुचलं ते. जुलैत पाच नोंदी झाल्यावर मी त्या सहज वेळापत्रकाशेजारी ठेवल्या. ५, ९, १६, १९, २३ जुलै. सगळे मंगळवार नाहीतर शुक्रवार. त्या दोन दिवशी खेळाचा तास मधल्या सुट्टीला लागून होता, मुलं मागच्या जिन्याने उतरायची आणि खेळाचे सर आधीच मैदानात असायचे. पोट दुखतं म्हणून घरी राहिलेले दिवस काढले, तेही बहुतेक मंगळवार-शुक्रवारच. दुसऱ्या भेटीत मी चौदा प्रसंग नेले नाहीत. पाच नोंदी, वेळापत्रक, आणि बाईंना पाठवलेले तीन मेसेज नेले. त्याच मुख्याध्यापिका, त्याच खुर्चीत. मुलांमधलं कोण खरं कोण खोटं यात त्या पडल्याच नाहीत. मागच्या जिन्यावर त्या दोन दिवशी माणूस उभा राहील, एवढं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. त्यांना करता येईल असं काहीतरी मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढे ठेवलं होतं. त्या तीन मुलांच्या पालकांना बोलावणं त्यानंतर झालं.

तुमच्या पोस्टमध्येही जिना आहे. कोणता, कधी, त्या वेळी तिथे कुणाची ड्यूटी असते, एवढं पाहून ठेवा.

बाईंना तुम्ही दोनदा सांगितलंत, ते तोंडी असणार. तोंडी सांगितलेलं शाळेच्या लेखी नसतंच. आजच साधा मेसेज करा: "अमुक दिवशी भेटून सांगितलं होतं, त्यानंतर अमुक झालं, आपण काय केलंत ते कळवाल का?" उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर तोही कागदच झाला.

जखम असेल तर फोटो एक लांबून, चेहऱ्यासकट, आणि एक जवळून. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण मुका मार उशिरा निळा पडतो. मूळ फोटो फोनमधून काढू नका. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून जाते, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्टरांकडे गेलात तर केसपेपरवर मुलाने कारण काय सांगितलं तेही लिहायची विनंती करा. नुसतं मलम लिहिलेली चिठ्ठी उपयोगाची नाही.

कॅमेऱ्यांबद्दल: महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४मध्ये शासनाने शाळांत सीसीटीव्ही आणि तक्रारपेटी हवी असा निर्णय काढला आहे, त्यामुळे बहुधा तुमच्याकडे असतील. पण जुनं चित्रण काही दिवसांनी पुसून त्यावर नवीन चढतं. "दाखवा" म्हणाल तर इतर मुलं त्यात आहेत म्हणून नाही म्हणतील. अमुक दिवशी अमुक वेळेचं "जपून ठेवा" असं लेखी मागा, त्याला नकार देणं अवघड जातं.

मुलाच्या बॅगेत रेकॉर्डर ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. माझं मत, ठेवू नका. सापडला तर त्याची वर्गात काय गत होईल याचा विचार करा, आणि मग विषय रेकॉर्डरचाच होतो. पालकांच्या ग्रुपवर त्या मुलांची नावं टाकणंही तसंच. मी टाकली होती. रात्री अकरापर्यंत तीस जण माझ्या संस्कारांवर बोलत होते, आणि सकाळी त्याचे स्क्रीनशॉट शाळेत माझ्या आधी पोचले होते. असो.

पोच हा आमच्याकडचा आणखी एक ताप. शाळेच्या ऑफिसात अर्ज दिला तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ठेवून जा, पोच देत नाही आम्ही." मी मूळ कागद ठेवून आले. दोन आठवड्यांनी असा अर्ज आलाच नाही असं उत्तर मिळालं. लेकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान त्यात होतं, ते गेलं ते गेलंच. मूळ कागद कधीही देऊ नका. झेरॉक्स द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि आवक क्रमांक मागा. देत नसतील तर तिथून बाहेर पडताच तोच अर्ज शाळेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते. नको तिथे हात लावणं, कपडे काढायला लावणं, तसले फोटो, असं काही मुलाच्या बोलण्यातून आलं तर वही बंद. तपशील खोदून विचारायचे नाहीत, गुरुवारची वाट पाहायची नाही. तो पॉक्सोचा विषय आहे, थेट पोलीस किंवा १०९८. मुलगा जीव नकोसा झाल्याचं बोलला तरी आधी डॉक्टर, शाळा नंतर.

गुरुवारी भेट झाली की त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिकांना मेल करा: आज काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि समजण्यात चूक असेल तर कळवावं. आमच्या दुसऱ्या भेटीनंतरच्या या मेलला उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये जिन्यावरचा माणूस एका मंगळवारी दिसला नाही, तेव्हा मी तोच मेल पुन्हा पुढे पाठवला. शुक्रवारी तो जागेवर होता.