पाऊस, पानं, धूळ: 2डी सीनमध्ये प्रोजेक्ट जड न करता कशी दाखवायची?

प्रश्न: आफ्टर इफेक्ट्समध्ये 2डी शॉर्ट फिल्म करतोय, गोष्ट सोलापुरातल्या एका गल्लीतली. पावसाचा पार्टिकल इफेक्ट टाकला की प्रीव्ह्यू अडकतो. पानगळ आणि धूळ अजून करायचीच आहे. काय करू?

उत्तर: पार्टिकल इफेक्ट काढून टाका आणि पावसाचा लूप एकदाच रेंडर करून वापरा. पार्टिकलमध्ये प्रत्येक थेंबाची जागा आधीच्या हालचालीवरून ठरते. त्यामुळे तुम्ही 400व्या फ्रेमवर उडी मारली, तरी त्याआधीचा सगळा पाऊस मशीनला मोजत यावं लागतं. सीन जितका लांब, तितकं हे जास्त जाणवतं.

मी पाऊस असा करतो. फिल्म 24 फ्रेमची आणि 1920 × 1080ची धरू. क्रितामध्ये 1920 × 4320चा पारदर्शक कागद घ्या, W दाबून रॅप-अराउंड सुरू करा आणि पावसाच्या रेघा काढा. या मोडमध्ये कडेला तुटलेली रेघ समोरच्या कडेला आपोआप पुरी होते, म्हणून जोड दिसत नाही. कागद चार स्क्रीन उंच घेण्याला कारण आहे. एकाच स्क्रीनएवढा घेतला, तर जवळचा थेंब दर 9 फ्रेमनी नेमक्या त्याच जागी येतो आणि पाऊस लुकलुकतो.

असे तीन कागद करा: लांबचा, मधला, जवळचा. ते फ्रेममागे 60, 90 आणि 120 पिक्सेल सरकवायचे. रेघेची लांबी त्या अंतराच्या निम्मी, म्हणजे 30, 45 आणि 60 ठेवा. आता कागद आफ्टर इफेक्ट्समध्ये आणा, त्यावर Offset इफेक्ट टाका आणि Shift Center To वर हे एक्स्प्रेशन लिहा (जवळच्या थरासाठी):

```
f = Math.round(time / thisComp.frameDuration);
[value[0], value[1] + (f * 120) % 4320]
```

4320 ला 120 ने भागलं की 36, 90 ने 48, 60 ने 72. भागाकार पूर्ण येतो, म्हणून तितक्या फ्रेममध्ये लूप बिनजोड बंद होतो. वेग बदलायचा असेल तर 4320 ला पूर्ण भाग जाईल असाच आकडा निवडा. तिन्ही थर एकत्र चालले की तोच देखावा 144 फ्रेमनी, म्हणजे 6 सेकंदांनी परत येतो. एखादी रेघ फारच ठळक नसेल तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

रेंडर प्रत्येक थराचं वेगळं करा: जवळच्याचं 0 ते 35, मधल्याचं 0 ते 47 आणि लांबच्याचं 0 ते 71 फ्रेमचं. जवळच्या थरात 36वी फ्रेम म्हणजे पुन्हा पहिलीच. ती घेतली तर दर फेरीला पाऊस क्षणभर थबकतो. पीएनजी सिक्वेन्स अल्फासह काढा, परत आणल्यावर Interpret Footage मध्ये फ्रेम रेट 24 आहे ना ते पाहा आणि Loop चा आकडा वाढवा. सिक्वेन्स बहुतेक वेळा 30 धरून येतो, आणि मग पाऊस उगाच घाईत दिसतो. थेंबांना काळी कडा दिसली तर अल्फा चुकीचा वाचला गेलाय. तिथेच Straight आणि Premultiplied अदलून पाहा.

तिरका पाऊस हवा असेल तर रेघा सरळच ठेवा. तयार लूप सीनमध्ये 8 अंश फिरवा आणि 125 टक्के मोठा करा, म्हणजे कोपरे उघडे पडणार नाहीत. लांबचा थर पात्रांच्या मागे, जवळचा पुढे. रेघा मात्र समान अंतरावर काढू नका. दोन रेघांतलं अंतर 120 आणि वेगही 120 असला, तर पाऊस चक्क उभा राहिलेला दिसतो!

पानांना असा सरसकट लूप चालत नाही, कारण पान एकेकटं नजरेत भरतं. तुमच्या गल्लीत कडुनिंब असेलच. त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाला, फेब्रुवारी-मार्चात. एका पर्णिकेची गिरकी 8 चित्रांत काढा, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरा, आणि तीच सहा-सात वेगळ्या वाटांवर, वेगवेगळ्या फ्रेमपासून सुरू करून सोडा. पिंपळाचं रुंद पान मात्र झोके घेतं. झोक्याच्या टोकाला ते मंदावतं, किंचित वर उचललं जातं, आणि मग उलट्या बाजूला घसरतं. ते वर उचलणं दाखवलंत की पानाला वजन येतं. नाहीतर ते दोरीला बांधल्यासारखं वाटतं.

धुळीसाठी Fractal Noise हलता ठेवू नका. त्याचं एकच रुंद स्थिर चित्र काढा, कडा जुळवा आणि दोन थरांत, वेगवेगळ्या वेगाने, आडवं सरकवा. अपारदर्शकता 10-15 टक्के पुरे. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे धुळीने लांबची घरं फिकी पडतात, जवळची नाही. म्हणून दाट थर मागे ठेवा. सुटे कण फक्त उन्हाचा पट्टा पडतो तिथेच दाखवा, बाकी ठिकाणी ते खऱ्या आयुष्यातही दिसत नाहीत.