तुकड्यांत आलेल्या संभाषणाचं भाषांतर: ‘गेलो’ की ‘गेले’?

लांब मुलाखत चार तुकड्यांत करणार असाल, तर पहिला तुकडा हाती घेण्याआधी सगळी फाइल वाचून काढा. मी एकदा ते टाळलं. इंग्रजी मुलाखतीत ॲलेक्स नावाची व्यक्ती बोलत होती. मी तिला पुरुष धरून ‘मी गेलो, मी राहिलो’ असं लिहीत गेलो. तिसऱ्या तुकड्यात भाऊ तिच्याविषयी बोलताना `she` म्हणाला! तोवर दोन तुकडे पाठवून झाले होते.

इंग्रजीतलं ‘मी’चं वाक्य लिंग सांगत नाही, मराठी क्रियापद सांगतं. म्हणून आधी फाइलभर `he`, `she`, `his`, `her` पूर्ण शब्द म्हणून शोधा आणि ते कोणाविषयी आहेत ते टिपा. तरीही कळलं नाही, तर ग्राहकाला विचारा. उत्तर येईपर्यंत ‘मी सांगितलं’, ‘मला जायचं होतं’ अशा रचना चालतात, कारण तिथे क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलत नाही. पण ‘मी करतो’ किंवा ‘करते’ आलं की सुटका नाही.

एक तक्ता ठेवा: नावाचं ठरलेलं लेखन, लिंग, कोण कोणाला ‘तू’ म्हणतं, कोणाला ‘तुम्ही’. ‘कझिन’ची नोंद तर हवीच, नाहीतर पहिल्या तुकड्यातला मामेभाऊ चौथ्यात चुलतबहीण होतो. संज्ञांचंही तसंच, ‘घरमालक’ ठरला की पुढे ‘जागामालक’ नको.

नवा तुकडा उघडताना मागच्याच्या शेवटच्या दहा ओळी वर चिकटवून घ्या.