परिचयातली सालं, पदव्या आणि आद्याक्षरं ऐकणाऱ्याला कळतील अशी कशी वाचावीत?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पाहुण्यांचा परिचय मी वाचते. कागदावर पदव्या, सालं, संस्थांची आद्याक्षरं, आकडे असं सगळं असतं. वाचताना अडखळायला होतं आणि लोकांनाही काही कळत नाही. पडद्यावर काही दाखवायची सोय नाही. काय करावं?

उत्तर :

पाहुण्यांकडून येतो तो बायोडेटा. तो डोळ्यांनी चाळण्यासाठी लिहिलेला असतो, आणि तुम्ही तोच मोठ्याने वाचता आहात. डोळा मागे जाऊन साल पुन्हा पाहू शकतो, कानाला ती सोय नाही. म्हणून वाचण्याचा सराव नंतर, आधी कागद बोलीत उतरवून घ्या. जयंत नारळीकरांचं उदाहरण घेऊ. समजा त्यांच्या स्मृतिव्याख्यानात त्यांची ओळख द्यायची आहे आणि हातात आलेला मजकूर असा आहे :

बी.एस्सी. (बी.एच.यू., १९५७), पीएच.डी. (केंब्रिज, १९६३), पद्मभूषण १९६५, टी.आय.एफ.आर. १९७२, संस्थापक संचालक, आयुका १९८८, पद्मविभूषण २००४.

एवढ्याशा मजकुरात सहा सालं आहेत. ऐकणाऱ्याच्या लक्षात त्यातलं एकही राहणार नाही, कारण दुसरं साल आलं की पहिलं पुसलं जातं. दोन-तीन मिनिटांच्या परिचयात दोन सालं पुरतात. ज्या सालाने आयुष्याची दिशा बदलली ते ठेवा आणि बाकीची वयात किंवा अंतरात बदला. नारळीकरांचा जन्म जुलै १९३८चा आणि पद्मभूषण जानेवारी १९६५चं, म्हणजे तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. '१९६५ साली पद्मभूषण' ऐकून सभागृह जागचं हलत नाही, पण 'तेव्हा वय होतं सव्वीस' म्हटलं की माना वर होतात. इथे एक चूक नेहमी होते. सव्वीस पूर्ण झालेला माणूस 'सत्ताविसाव्या वर्षात' असतो, त्यामुळे 'सव्विसाव्या वर्षी' म्हणालात तर एक वर्ष चुकतं. 'वय सव्वीस' म्हणा, घोळच होत नाही.

वाचायचा कागद मग असा होईल. एक तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन म्हणजे पूर्ण श्वास :

जयंत नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठातून बी-एस्सी झाले / आणि पुढे शिकायला केंब्रिजला गेले. //
डॉक्टरेटही त्यांनी तिथेच मिळवली. //
पद्मभूषण मिळालं, / तेव्हा त्यांचं वय होतं / सव्वीस. //
एकोणीसशे बाहत्तर साली ते भारतात परतले / आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. //
त्यानंतर सोळा वर्षांनी / पुण्यात एक संस्था उभी राहिली, / विद्यापीठांतल्या खगोलशास्त्राच्या अभ्यासकांसाठी. / तिचं नाव / आयुका. // नारळीकर तिचे संस्थापक संचालक. //
दोन हजार चार साली / त्यांना पद्मविभूषण मिळालं. //

सालं अक्षरांत लिहिली आहेत, ती मुद्दाम. '१९७९' दिसलं की मंचावर क्षणभर थांबायला होतं, आणि घाईत तोंडातून 'सेव्हंटी नाइन' निघून जातं. एक साल मराठीत आणि पुढचं इंग्रजीत आलं की ऐकणाऱ्याला दर वेळी मनात भाषांतर करावं लागतं. एकच भाषा धरा. 'साली' हा शब्दही गाळू नका, त्यामुळेच आधीचा आकडा वर्षाचा होता हे कानाला कळतं.

मराठीत सगळ्यात दगा देतात ते 'एकोण'वाले आकडे. 'एकोणीसशे एकोणऐंशी' यातलं 'ऐंशी' तेवढं कानात राहतं आणि लोक ते साल ऐंशीच्या दशकात नेऊन ठेवतात. 'एकोणनव्वद'चंही तसंच, आणि तरुण श्रोत्यांचा तर इथे हमखास गोंधळ होतो. म्हणून 'एकोणीसशे'नंतर अर्धा क्षण थांबा, मग पुढचा आकडा सावकाश म्हणा. साल फार महत्त्वाचं असेल तर त्याला ओळखीचा टेकू द्या : 'एकोणीसशे एकोणऐंशी साली, म्हणजे आणीबाणी उठल्यावर दोन वर्षांनी.'

आद्याक्षरांचे दोन प्रकार असतात. आयुका, इस्रो, नासा हे शब्दासारखे वाचायचे, तर टी-आय-एफ-आर अक्षर-अक्षर सुटं. कोणतं कसं वाचायचं ते अंदाजाने ठरवू नका, त्या संस्थेतली माणसं काय म्हणतात ते विचारा. सुटी अक्षरं कागदावर मध्ये आडव्या रेघा देऊन लिहा, म्हणजे जीभ ती एकात एक मिसळत नाही. माइकवर बी, डी, पी, टी हे सारखे ऐकू येतात, एम आणि एनसुद्धा. नाव परिचयात एकदाच येणार असेल तर आद्याक्षरं टाका आणि वर केलं तसं पूर्ण नाव घ्या. पुन्हा येणार असेल तर पहिल्यांदा पूर्ण नाव आणि लगेच 'म्हणजेच टी-आय-एफ-आर'. आयुकासारखं नाव पूर्ण रूपापेक्षा जास्त ओळखीचं असतं, तिथे पूर्ण नावाऐवजी संस्था काय करते ते सांगा. तेही आधी सांगा आणि नाव शेवटी घ्या, म्हणजे नाव ऐकेपर्यंत ते ठेवायला डोक्यात जागा झालेली असते.

पदव्यांची माळ वाचू नका. नावामागे 'डॉक्टर' लावलं असेल तर पुन्हा 'पी-एच-डी' कशाला? सगळ्यात वरची पदवी, विषय आणि विद्यापीठ एवढं बास. पदवी अनोळखी असेल तर तिचा अर्थ अर्ध्या वाक्यात द्या. नारळीकर केंब्रिजचे 'सीनियर रँग्लर' होते. नुसतं तेवढं वाचलंत तर ते हवेत जाईल. 'गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पहिले, म्हणजेच सीनियर रँग्लर' असं म्हणा. सभागृहात रँग्लर परांजप्यांचं नाव ऐकलेले ज्येष्ठ असतीलच, त्यांना लगेच खूण पटेल.

मोठ्या आकड्यांसाठी मराठीकडे तयार शब्द आहेत, ते सोडू नका. १,२५,००० पुस्तकं म्हणजे सव्वा लाख. २७३ शोधनिबंध म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे. २.५ मिलियन डॉलर म्हणजे पंचवीस लाख डॉलर. रुपयांत बदलायला जाऊ नका, दर बदलत राहतो. ६.५ टक्के साडेसहा होतात, पण ६.८ला असा शब्द नाही. तिथे 'जवळपास सात' चालत असेल तर तसं म्हणा, नाहीतर 'सहा पूर्णांक आठ दशांश'. देणगीची रक्कम किंवा विक्रमाचा आकडा मात्र गोळाबेरीज न करता पूर्ण वाचा.

कागद सोळा-अठरा पॉइंटात, दोन ओळींत मोकळी जागा ठेवून छापा आणि आकडा कधीही दोन ओळींत तुटू देऊ नका. मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द हा वेग धरा. आदल्या दिवशी हा विषय माहीत नसलेल्या घरच्या कुणाला एकदाच वाचून दाखवा आणि विचारा : पद्मभूषण मिळालं तेव्हा वय किती होतं, पुण्यातल्या संस्थेचं नाव काय? ज्याचं उत्तर आलं नाही ते वाक्य बदलायचं. तेच वाक्य आणखी जोरात म्हणून काही होत नाही.