फरशी आधी ओली होती की नंतर झाली?
अपघाताच्या नोंदी आणि अहवाल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : काही घडलं की आम्ही मोबाइलवर तीस-चाळीस फोटो काढतोच. वर सीसीटीव्ही आहे. मग वहीत लिहीत बसायची काय गरज?

फोटोत काय आहे ते दिसतं. ते तिथे कधीपासून आहे, हे दिसत नाही.

एका गोदामातल्या अपघाताची चौकशी माझ्याकडे आली होती. फोर्कलिफ्टचा धक्का लागून एका कामगाराचा पाय मोडला होता. सुपरवायझरने तिसऱ्या दिवशी फोटो समोर ठेवून अहवाल लिहिला : 'फरशी ओली असल्याने गाडी घसरली.' फोटोत खरोखरच चाकाजवळ पाणी होतं. सगळ्यांना पटलं, फरशी पुसणाऱ्याला बोलणी बसली, प्रकरण मिटत आलं.

मग पहाऱ्यावरच्या माणसाची खिशातली वही निघाली. अक्षर अगदी वेडंवाकडं, पण नोंदी अशा :

'१०:४६ पोचलो. माणूस उजव्या कुशीवर. फरशी कोरडी. गाडी पुढच्या दिशेने, खोकी चालकाच्या डोळ्यांच्या वर. १०:४९ कुणीतरी बाटलीतून पाणी पाजलं, सांडलं. १०:५२ फोटो.'

म्हणजे पाणी अपघातानंतरचं होतं. माल इतका उंच रचला होता की चालकाला समोरचं दिसतच नव्हतं. अशा वेळी गाडी उलटी, म्हणजे माल मागे ठेवून चालवायची असते. तो सरळ चालवत होता. खरं कारण त्या एका ओळीत होतं आणि ते एकाही फोटोत आलं नव्हतं, कारण फोटो काढायच्या आधी जखमीला जागा करायला खोकी उतरवली होती. कॅमेऱ्याचं म्हणाल, तर तो कोपरा रॅकच्या आड होता.

फोटो काढाच. पण पहिला फोटो कितीला काढला आणि त्याआधी कशाला हात लागला होता, हे वहीत हवं. सीसीटीव्ही असेल तर त्याचं घड्याळ तुमच्या घड्याळाशी ताडून 'कॅमेरा ७ मिनिटं पुढे' असं त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याभराने कुणी घड्याळ नीट लावलं, की तो फरक पुन्हा काढता येत नाही.

प्रश्न : जखमीला बघायचं, मशीन बंद करायचं, गर्दी हटवायची. यात लिहायला वेळ कुठे मिळतो?

आधी माणूस, मग वीज आणि मशीन, मग वही. यात दुमत नाही. पण पहिल्या दहा मिनिटांत दोन मिनिटं सापडतातच, आणि तेवढ्यात पूर्ण वाक्यं कुणी मागत नाही.

जे विरून जाणार आहे ते आधी टिपा. वास, धूर, आवाज, ओल, एखादा भाग हाताला गरम लागला का, दिवा चालू होता की बंद, किल्ली आणि गिअर कुठल्या स्थितीत होते, कोण कुठे उभं होतं. वाटेची रुंदी उद्याही मोजता येईल, रॅक कुठे पळून जात नाही. नवखे लोक नेमकं उलटं करतात. टेप घेऊन रॅक मोजत बसतात, आणि तोवर कुणीतरी भलेपणाने किल्ली फिरवून गाडी बाजूला लावतं.

मशीन बंद करायलाच लागलं, तर बंद करण्याआधी ते कसं होतं हे दोन शब्दांत लिहा : 'मी थांबवलं, १०:४७, तोवर चालू.' नाहीतर पुढे ते आधीच बंद होतं, असं सगळे शपथेवर सांगतील.

लोकांच्या तोंडचे पहिले शब्द जसेच्या तसे घ्या. 'मला दिसलाच नाही' हे 'चालकाच्या म्हणण्यानुसार दृश्यमानता कमी होती' असं झालं, की त्यातला माणूस गेला आणि माहितीही गेली.

हातमोजे असतील, पाऊस असेल, तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा. आधी वेळ बोला.

प्रश्न : आम्ही दोघं ड्यूटीवर होतो. एकत्र बसून अहवाल लिहिला तर एकाचं राहिलेलं दुसरा सांगतो. हे बरं नाही का?

एकत्र बसा, पण आपापलं लिहून झाल्यावर.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जोडीतल्या दोघांना एकाच घटनेची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रफीत दाखवली. काही गोष्टी एकालाच दिसतील अशी ती रचना होती. त्यांना आपसात बोलू दिलं आणि मग प्रत्येकाला स्वतंत्रपणे आठवायला सांगितलं. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी निदान एक तरी गोष्ट अशी सांगितली, जी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. ती जोडीदाराकडून आली होती. यात लबाडी नव्हती. ऐकलेलं पाहिलेल्यात मिसळून गेलं होतं.

चौकशीत मला सगळ्यात जास्त खटकतात ते शब्दशः जुळणारे दोन अहवाल. दोघे दोन बाजूंना उभे होते, तर दोघांचं थोडं वेगळं असायलाच हवं. एक म्हणतो हॉर्न वाजला, दुसरा म्हणतो नाही. राहू द्या तसंच. कुणाच्या कानाशी कुठलं मशीन चालू होतं, ते त्यातूनच कळतं.

प्रश्न : टिपणं घाईत चुकतात. अहवाल नीट लिहून झाल्यावर कच्चा कागद फाडला तर चालेल?

नाही. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता यायला हवं. शेजारी बरोबर शब्द, सही, वेळ. पांढरी शाई नको, पान फाडणं नको. ते गोदामातलं पान गुळगुळीत कागदावर उतरवून मूळ फाडलं असतं, तर '१०:४६ कोरडी' ही ओळ कुणी नंतर घातली नाही, हे कसं दाखवणार होतो?

दोन दिवसांनी काही आठवलं, तर ते जुन्या ओळींमध्ये घुसवू नका. आजची तारीख आणि वेळ घालून खाली वेगळी नोंद करा, आणि ते कशावरून आठवलं तेही लिहा.

प्रश्न : बारा तासांच्या शिफ्टनंतर डोकं चालत नाही. मला सगळं लख्ख आठवतं. उद्या ताज्या मनाने लिहिलं तर?

लख्ख आठवतं, यावर मी फारसा विसंबत नाही. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान फुटलं. बातमी कुठे, कशी कळली, हे काही विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच सकाळी लिहून घेतलं होतं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांचा एकही मुद्दा आपल्याच जुन्या कागदाशी जुळेना, तरी अनेकांना आपल्या आठवणीबद्दल पक्की खात्री होती.

तुमचं अंतर एका रात्रीचं आहे, अडीच वर्षांचं नाही. पण त्या एका रात्रीत तुम्ही घरी ही हकिगत सांगणार, दोन फोन येणार, कुणीतरी 'फरशी ओली असणार' म्हणणार. सकाळी लिहायला बसलात की कारण आधी सुचतं आणि पाहिलेलं त्याला बेतून येतं. 'गाडी घसरली' हे त्या सुपरवायझरने पाहिलंच नव्हतं. तो अपघातानंतर पोचला होता. ओल्या फरशीवरून घसरणं त्याने जोडलं, आणि तीन दिवसांत ते त्याला दिसलेलंच वाटू लागलं.

तेव्हा जायच्या आधी वीस मिनिटं बसा. भाषा ओबडधोबड असू द्या. तीन भाग करा : मी पाहिलं, मला सांगितलं (कुणी, किती वाजता) आणि मला वाटतं. उद्या ताज्या मनाने काही लिहायचंच असेल, तर ते तिसऱ्या भागात लिहा, उद्याची तारीख घालून.